छपरात चोरी, वर शिरजोरी!

सोलापूरकरांनी उन्हाची तक्रार करणे केव्हाच सोडून दिले आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४४ अंशांत खेळणार, हे येथे शेंबडे पोरही जाणते. तेव्हा आमचे भांडण सूर्याशी नाही. आमचे भांडण आहे ते जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची पेटी उघड्या माळावर आणून टाकणाऱ्यांशी, तिला ‘साइट ऑफिस’ म्हणून बिल लावणाऱ्यांशी आणि ते बिल डोळे मिटून पास करणाऱ्यांशी! पुणे रस्त्याने जा, विजयपूर रस्त्याने जा, अक्कलकोट रस्त्याने जा, चिंचोळी औद्योगिक वसाहतीत शिरा. जिथे पूल, रस्ता, जलवाहिनी किंवा गृहप्रकल्पाचे काम चालू आहे तिथे निळ्या रंगाची, वर पांढरा पट्टा ओढलेली ती आयताकृती पेटी उभी दिसेलच. आत सर्व्हेअर बसतो, स्टोअरकीपर बसतो, सिमेंटचे ठोकळे मोजणारा प्रयोगशाळेचा पोरगा बसतो. दुपारी दोन वाजता आत पाऊल टाकावे आणि मग सांगावे, हे कार्यालय आहे की शिक्षा?

या प्रश्नाला दोन उत्तरे तयार असतात. ठेकेदार म्हणतो, “साहेब, केबिन इन्सुलेटेड आहे.” साहेब म्हणतात, “आणि एसीही लावलाय की!” आमचे म्हणणे असे की पहिले उत्तर बहुतेक वेळा खोटे असते आणि दुसरे उत्तर त्या खोट्यावर घातलेले पांघरूण असते. हे आम्ही नुसते रागाच्या भरात बोलत नाही. हिशेब मांडतो, तपासून घ्यावा.

बाजारात सर्रास मिळणारी २० फूट लांब, ८ फूट रुंद केबिन घ्या. तिचे छप्पर १६० चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे १५ चौरस मीटर. सोलापूर १७.६ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात येथे शून्य सावलीचा दिवस येतो आणि भर दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो. त्या उन्हात आडव्या छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर साडेनऊशे वॅटच्या आसपास ऊर्जा कोसळते. गडद, धुळकट रंगाचा पत्रा तिच्यातील सुमारे ७० टक्के गिळतो. वाऱ्याने आणि मोकळ्या आभाळाने थोडी परत नेली, तरी हवा ४२ अंशांची असताना छपराच्या वरच्या अंगाला जणू ७० अंशांची झळ बसत असते. भिंतींवर दुपारी हे ऊन तिरपे पडते, छपरावर सरळ पडते. म्हणून अशा केबिनचा पहिला गुन्हेगार छप्पर. भिंतीचा नंबर त्याच्या मागून.

आता आत २८ अंश राखायचे ठरवले, तर या छपरातून किती उष्णता उतरेल? छप्पर नुसत्या पत्र्याचे असेल तर सुमारे २८०० वॅट. एक टनाचा एसी साऱ्या जोरानिशी ३५०० वॅट उपसतो. म्हणजे एका टनातील चार हिस्से एकटे छप्परच खाऊन टाकते; भिंती, खिडक्या, माणसे, संगणक यांनी उरलेल्या पाचव्या हिश्शात भागवायचे. त्याच छपरात ५० मिलिमीटरचे पफ पॅनल सलग बसवले, तर तीच उष्णता २६० वॅटच्या घरात येते. दहापट फरक! आणि या दोहोंच्या मधोमध आहे बाजारातला नेहमीचा नमुना. वर पत्रा, खाली नऊ मिलिमीटरचा एमडीएफ बोर्ड आणि मध्ये काहीच नाही, नुसती कोंडलेली हवा. त्यातून सुमारे १३०० वॅट आत उतरतात. पोकळीचा उपयोग नाही असे नाही, पण तो अर्ध्यावर थांबतो. हे तीन आकडे वाचकांनी लक्षात ठेवावेत, पुढची सारी चोरी त्यांच्याच जोरावर पकडता येते.

पत्रा असा का वागतो? लोखंड उष्णतेला अडवत नाही आणि सव्वा मिलिमीटरचा पत्रा ती साठवूनही ठेवत नाही. वर पडलेली झळ काही क्षणांत खालच्या अंगाला हजर होते. आत काय असते? अशा केबिनमधल्या सगळ्या हवेचे वजन ४० किलोच्या आसपास भरते. एवढ्याशा हवेला तापायला कितीसा वेळ लागणार? वीज गेली, एसी थांबला की पाच-दहा मिनिटांत माणूस शर्टाचे बटण सोडतो, त्याचे कारण हे आहे. आपल्या भागातील जुन्या माळवदाच्या घरांना हे दुखणे नव्हते. लाकडी तुळया, त्यांवर किलच्या आणि वर वीतभर-हातभर पांढऱ्या मातीचा थर. दुपारचे ऊन त्या मातीतून खाली उतरेपर्यंत रात्र पडत असे आणि तोवर घरातली माणसे अंगणात बाजा टाकून बसलेली असत. गवंडीकामाची पदवी कुणाकडे नव्हती, पण डोक्यावर काय असावे याची अक्कल होती. आजच्या साइटवर अभियंत्यांची फौज आहे आणि डोक्यावर पत्रा!

आता त्या ‘इन्सुलेटेड’ केबिनचे पोट फाडून पाहू. कागदावर लिहिलेले असते की बाहेर पत्रा, आत प्री-लॅमिनेटेड बोर्ड, मध्ये ५० मिलिमीटर ग्लासवूल. ग्लासवूलची जाडी सांगतात, घनता सांगत नाहीत. जागच्या जागी उभे राहील असे ग्लासवूल घनमीटरला निदान २४ ते ३२ किलोचे हवे. भरतात १२ किलोचे, कापसासारखे भुसभुशीत. ट्रेलरवरून केबिन दोन वेळा हलली, क्रेनने दोन वेळा उचलली, की भिंतीतले ते ग्लासवूल खाली बसते आणि वरची वीत-दीड वीत पट्टी रिकामी होते. नेमकी तीच जागा सर्वांत जास्त तापते. छपराची कथा याहून वाईट. अनेक केबिनींच्या छपरात काही भरलेलेच नसते. भिंतीवर खिडकीसाठी भोक पाडताना आतला माल दिसतो, म्हणून भिंतीत माल असतो. छतावर कुणी भोक पाडत नाही, म्हणून छतात हवा असते! पैसे मात्र १६० चौरस फुटांचे पुरते वसूल.

काही हुशार मंडळी पत्र्याला आतून चकचकीत बबल फॉइल चिकटवतात आणि ‘९५ टक्के उष्णता परतवते’ अशी फुशारकी मारतात. फॉइलचा गुण खरा, पण त्याची एक अट आहे. तिच्या चकचकीत अंगापुढे किमान दोन-अडीच सेंटिमीटर मोकळी हवा हवी, तरच ती किरणांवाटे येणारी उष्णता अडवते. एका बाजूने पत्रा आणि दुसऱ्या बाजूने बोर्ड असे तिला दाबून बसवले की चकाकी वाया गेली. उरला तीन-चार मिलिमीटरचा प्लास्टिकचा फुगा. तेवढ्याने सोलापूरचे ऊन अडत असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता.

समजा माल खरा भरला, घनताही खरी दिली. तरी एक चोरवाट उरते आणि तिचे नाव सांगाडा. पत्रा बाहेरून ज्या एमएस चॅनेलवर ठोकतात, त्याच चॅनेलवर आतून बोर्ड ठोकतात. म्हणजे दर दोन फुटांवर बाहेरच्या तापलेल्या पत्र्यापासून आतल्या बोर्डापर्यंत लोखंडाचा सलग पूल बांधलेला असतो. लोखंड पफच्या फोमपेक्षा सुमारे दोन हजार पटींनी अधिक सहज उष्णता वाहून नेते. क्षेत्रफळाच्या हिशेबात ते लोखंड शेकड्याला एकही भरत नाही, पण ५० मिलिमीटर लोकरीचा निम्मा गुण त्या वाटेने पळून जाऊ शकतो. उपाय महाग नाही. चॅनेल आणि बोर्ड यांच्यामध्ये १०-१२ मिलिमीटर जाडीच्या दाट फोमची पट्टी घाला, किंवा त्याहून बरे म्हणजे सांगाड्याच्या बाहेरून सलग सँडविच पॅनल चढवा, ज्यात बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्याला कुठेच शिवत नाही. मात्र हे सांगायला कुणीतरी विचारावे लागते आणि विचारतो कोण!

विचारत कुणी नाही, पण मोजता मात्र येते. लेझरचा ठिपका टाकणारा थर्मामीटर आज कुठल्याही बऱ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि काँक्रीटचे तापमान पाहायला म्हणून तो पुष्कळ साइटवर पडूनही असतो. मे महिन्यात दुपारी दोन ते चारच्या दरम्यान एसी चालू ठेवून तो छताच्या आतल्या अंगावर रोखा. खोलीत २८ अंश असताना छत ३१ दाखवत असेल तर माल आहे, सलग आहे, ठेकेदाराला चहा पाजा. छत ४३ दाखवत असेल तर बोर्डामागे पोकळी आहे, काहीही भरलेले नाही. ६० दाखवत असेल तर तुम्ही उघड्या पत्र्याखाली बसला आहात, हे थर्मामीटरशिवायही कळले असतेच. छतावर ठिपका सावकाश आडवा फिरवा. दर दोन फुटांवर आकडा चार-पाच अंशांनी उडी मारत असेल तर ती चॅनेलची रेघ आहे. एक सावधगिरी बाळगावी. चकचकीत फॉइल किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर हे यंत्र फसते आणि खोटा, कमी आकडा दाखवते. अशा ठिकाणी काळी इन्सुलेशन टेप चिकटवून, ती तापू देऊन तिच्यावर ठिपका टाकावा. एवढ्यानेही समाधान झाले नाही, तर छताच्या दिव्याचे चार स्क्रू काढा आणि भोकातून सायकलच्या चाकाची तार वर सरकवा. तार अडखळत लोकरीतून गेली तर ठीक. थेट पत्र्यावर जाऊन टण्णकन वाजली, तर बिल परत पाठवा!

आणि आता ती शिरजोरी. केबिन तापते ना, मग दीड टनाचा लावा. भागत नाही, मग दोन टनाचा लावा. छपरातील चोरी अशी एसीच्या आवाजात बुडवली जाते. पण एसी फुकट चालत नाही. नुसत्या छपराच्या उणिवेपोटी उन्हाळ्याच्या दिवसाला सहज चार-पाच युनिट जास्त जळतात. महावितरणची वाट न पाहता जनरेटरवर चालणारी साइट असेल, तर लिटरभर डिझेलमागे तीन-साडेतीन युनिट पदरात पडतात. म्हणजे रोज दीड लिटर डिझेल निव्वळ पत्रा तापतो म्हणून धुरात. मार्च ते मे हा खर्च पाहा आणि १५ चौरस मीटर पॅनलची किंमत बाजारात विचारून या. काम दोन-तीन वर्षे चालणार असेल तर पॅनल कितीतरी आधी वसूल होते. “तात्पुरतंय हो” या सबबीचा निकाल येथेच लागतो. रस्त्याचे काम तात्पुरते असेल, पण तीच केबिन क्रेनने उचलून पुढच्या कामावर जाते आणि तीच माणसे तिच्यात पुन्हा बसतात. दहा-दहा वर्षे वापरलेल्या पेट्या या जिल्ह्यात फिरत आहेत. तात्पुरते काय आहे, तर फक्त साहेबांचे लक्ष.

साहेबांना निदान एसी तरी आहे. फाटकावरच्या वॉचमनला काय आहे? चार फूट बाय चार फुटांची पेटी, एक खिडकी, एक खुर्ची आणि भिंतीवर टांगलेला पंखा. त्या पेटीत ६० अंशांचे छप्पर त्याच्या टाळूपासून हात-दोन हातांवर असते आणि त्याची धग हवेला न विचारता थेट डोक्यावर येते. पंखा चालू करतो, पण पंख्याने येणारी हवा ४२-४४ अंशांची आणि माणसाची त्वचा ३५ अंशांची. ती हवा त्याची उष्णता नेत नाही, त्याला उष्णता देते. त्याला वाचवतो तो केवळ घाम, आणि घाम यायला पाणी हवे. पाण्याचा जार ठेवलेला असतो साहेबांच्या केबिनमध्ये! बारा तासांची पाळी करणारा हा माणूस अनेकदा साठीच्या पुढचा असतो, कुठल्यातरी बंद पडलेल्या गिरणीतून किंवा कोरडवाहू शेतातून आलेला असतो. तो पेटी सोडून बाहेर लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसतो आणि मुकादम त्याच्यावर ‘जागेवर नसतो’ असा शेरा मारतो. आम्ही ठणकावून सांगतो की त्या साऱ्या साइटवर उष्णताशास्त्र कळणारा तो एकच माणूस आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, नाहीतर इन्सुलेशन विकणारे आमचेच कात्रण खिशात घालून फिरतील. उष्णतारोधक थर काही थंड करत नाही. तो उष्णतेची वाट फक्त अरुंद करतो. आत बसलेला माणूस स्वतः शंभर वॅटची उष्णता सोडतो, संगणक आणि प्रिंटर आपली भर घालतात. एसी नसलेली पेटी नुसती लोकर भरून घट्ट बंद केली, तर ही उष्णता आतच कोंडेल. वॉचमनच्या पेटीला म्हणून आधी सावली, मग छपराला थर, आणि त्याबरोबर तळाशी समोरासमोर दोन झरोके व छताखाली दोन झरोके, हवा खालून शिरून वरून निघून जाईल असे. यातले एकच केले आणि दुसरे सोडले तर फसगत ठरलेली.

सावली! सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. केबिनच्या छपरावर फूटभर उंचीवर पाइपांच्या पायांवर दुसरे छप्पर उभारा. ऊन वरच्या पत्र्यावर पडेल, मधल्या फूटभर जागेतून वारा वाहील आणि खालच्या छपराला सूर्य दिसणारच नाही. चारही बाजू मोकळ्या ठेवायच्या. दिसायला बरे म्हणून कडेने पट्टी मारून ती जागा बंद केली की उपयोग संपला. पश्चिमेकडे हे छप्पर दोन-तीन फूट पुढे काढावे. आणि एक काम पुरते नीट करावे. मे महिन्यात आपल्याकडे वळवाचे वारे सुटतात तेव्हा असे पत्रे पतंगासारखे उडतात. विटा आणि वाळूच्या गोण्या ठेवून भागवणाऱ्याला आम्ही सरळ मनुष्यवधाच्या तयारीत असलेला माणूस समजू. पाइपांचे पाय केबिनच्या सांगाड्याला नट-बोल्टने आवळलेले हवेत आणि केबिन स्वतः जमिनीत अँकर केलेली हवी.

केबिन ठेवताना तोंड कुठे करायचे, हे आज ठरते ट्रेलर कुठून आत शिरला त्यावरून. लांब बाजू पश्चिमेला आली की दुपारी तीन-चारचे तिरपे ऊन साडेपंधरा चौरस मीटर पत्र्यावर आदळते. तीच केबिन पूर्व-पश्चिम लांब ठेवली तर पश्चिमेला येते ती आठ फुटी अरुंद बाजू, सहा चौरस मीटरची. खर्च शून्य, फक्त क्रेनवाल्याला सांगायचे. दक्षिणेच्या उन्हाची भीती घालणाऱ्यांनी पंचांग पाहावे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सोलापुरात मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेलाच झुकलेला असतो.

पांढऱ्या रंगाचेही तसेच. छपराला उष्णता परतवणारा पांढरा रंग दिला तर उघड्या पत्र्यातून उतरणारे २८०० वॅट १८०० पर्यंत खाली येतात, आणि हा हिशेब जुन्या, मळलेल्या पांढऱ्याचा आहे, डब्यावरच्या जाहिरातीचा नाही. काळ्या मातीची धूळ आणि खडी क्रशरची भुकटी महिनाभरात पांढऱ्याचे राखाडी करते. मार्चमध्ये एकदा आणि मेमध्ये एकदा छप्पर धुवायला एक माणूस आणि दोन बादल्या पाणी पुरते. पफ पॅनलवर पांढरा रंग असेल तर २६० चे १७० होतात. म्हणजे थर आधी, रंग सोबत. रंगाला थराचा पर्याय म्हणून विकणारा भामटा समजावा.

आता आगीचे. २०२५ च्या मे महिन्यात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जीव गेले, ते हे शहर विसरलेले नाही. ती आग केबिनची नव्हती. पण आग लागल्यावर कोंडलेल्या माणसांचे काय होते हे आपण पाहिले आहे. म्हणून सांगतो की स्वस्तात मिळतो म्हणून थर्माकोल छपरात भरू नका. ७५-८० अंशांच्या पुढे तो मऊ पडतो, आक्रसतो, आणि आपले गडद छप्पर त्या आकड्याच्या उंबरठ्यावर रोज दुपारी येऊन उभे राहते. आग धरली की तो वितळून पेटते थेंब खाली गाळतो आणि काळाकुट्ट विषारी धूर सोडतो. पफही जळतो, हे विकणारे सांगत नाहीत. जिथे स्वयंपाक होतो, जिथे कामगार झोपतात, जिथे विजेचे पॅनल आहे तिथे न जळणारे रॉकवूलच हवे, मग त्याची जाडी थोडी वाढवावी लागली तरी चालेल. आणि ज्या केबिनमध्ये फोम आहे तिच्या बाहेरच्या अंगाला साधा कोन जोडायलाही वेल्डिंग करू नका. ठिणगी बाहेर विझलेली दिसते, आत फोम धुमसत राहतो. बोल्ट मारा, रिव्हेट मारा. कामगारांच्या झोपायच्या केबिनला दुसरे दार नसेल तर ती वापरातच आणू नका.

जुन्या कायद्यांकडे बघावे तर तिथेही शुकशुकाट. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १३ व्या कलमाने स्पष्ट सांगितले होते की भिंती आणि छप्पर अशा सामानाचे व अशा रचनेचे हवे की आतले तापमान होईल तितके कमी राहील. म्हणजे ही गोष्ट सरकारला पाऊणशे वर्षांपूर्वीच ठाऊक होती. पण साइटवरची केबिन म्हणजे कारखाना नव्हे! १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने मालकाला कामगारांच्या तात्पुरत्या निवाऱ्याची, त्यात स्वयंपाक, आंघोळ व शौचालयाच्या सोयीची जबाबदारी दिली. डोक्यावरचे छप्पर किती तापावे, यावर त्या कलमात अवाक्षर नव्हते. या पोकळीतच निविदा लिहिणारे वावरत आले. ‘ठेकेदाराने सुसज्ज साइट ऑफिस पुरवावे’, एवढ्या एका ओळीत प्रकरण संपते. त्या ओळीत खुर्च्यांची संख्या असते, पंख्यांची असते, कधी पाहुण्यांच्या सोफ्याचीही असते. छपरात काय भरायचे याचा उल्लेख नाही. मग सर्वांत कमी दराचा ठेकेदार छपरातून पैसे काढणार नाही तर कुठून काढणार? चोर तो आहेच, पण दार उघडे टाकून झोपणारा कार्यकारी अभियंता काय संत आहे?

आम्ही महापालिकेला, सार्वजनिक बांधकाम खात्याला, राष्ट्रीय महामार्गाची कामे सांभाळणाऱ्यांना आणि औद्योगिक वसाहतीतील मालकांना फार काही मागत नाही. निविदेत चार वाक्ये लिहा. छपराला ५० मिलिमीटर पफ किंवा ७५ मिलिमीटर रॉकवूल सलग असावे, घनता अनुक्रमे ४० आणि ४८ किलोपेक्षा कमी नसावी. बाहेरचा पत्रा व आतले अस्तर यांना जोडणारे लोखंड कुठेही उघडे सोडू नये. छपरावर मोकळ्या हवेसह दुसरे छप्पर बोल्टने बांधलेले असावे. आणि उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता, एसी चालू असताना, छताचे आतले अंग खोलीच्या हवेपेक्षा पाच अंशांहून अधिक तापलेले आढळल्यास केबिनचे देयक रोखावे. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, कारण पहिल्या तिन्हींत लबाडी केली तरी ती चौथ्यात उघडी पडते. वॉचमनच्या चार फुटी पेटीलाही सावली आणि थराच्या अटी लागू कराव्यात, नव्हे, तिला आधी लागू कराव्यात.

कनिष्ठ अभियंत्यांनो, मापवहीवर सही तुमची असते. केबिनच्या नोंदीपुढे सही करण्यापूर्वी थर्मामीटर छताला लावा, आकडा त्याच वहीत तारीख-वेळेसह लिहा आणि आकडा चुकत असेल तर खाली ‘नामंजूर’ लिहून मोकळे व्हा.